कर्जाचा व्याजदर म्हणजे डिस्काउंट रेट नव्हे

‘कर्ज ९ टक्क्यांनी मिळतंय ना, मग प्रकल्पाचा डिस्काउंट रेटही ९ टक्केच.’

असं अनेकांना वाटतं. पण डिस्काउंट रेट म्हणजे पुढे येणाऱ्या पैशांचं आजचं मूल्य काढण्याचा दर, आणि व्याजदर ही फक्त बँकेची मागणी. समजा, १० लाखांच्या यंत्रात ६ लाख कर्ज आहे आणि ४ लाख स्वतःचे. तेवढीच जोखीम इतरत्र घेऊन १६ टक्के मिळत असतील, तर तो तुमचा अपेक्षित परतावा. ९ आणि १६ टक्क्यांची ६:४ या वाट्याने भारित सरासरी ११.८ टक्के (कर सोडून). डिस्काउंट रेट हा.

वर्षाअखेर एकरकमी ११ लाख येणार असतील, तर ९ टक्क्यांनी आजचं मूल्य १०.०९ लाख, म्हणजे फायदा. ११.८ टक्क्यांनी मात्र ९.८४ लाखच. पडताळा सोपा आहे: बँकेचे ६.५४ लाख फेडून हाती ४.४६ लाख उरतात. चार लाखांवर ४६ हजार, हवे होते ६४ हजार.