सूत्र कोणत्या भास्कराचं?

त्रिकोणमितीतलं एक जुनं सूत्र फारच देखणं आहे. कोन घ्या. १८० मधून तो वजा करून जे उरेल त्याला कोनानेच गुणा. या गुणाकाराची चौपट वर लिहा आणि ४०५०० मधून तोच गुणाकार वजा करून खाली लिहा. भागाकार केला की त्या कोनाची ज्या (म्हणजे साईन) हाती येते. ३० अंशांसाठी गुणाकार ४५००, म्हणून वर १८०००, खाली ३६०००, उत्तर बरोबर अर्धा. ४५ अंशांना ०.७०५९ येतं, खरं मूल्य ०.७०७१. कोष्टक न उघडता इतकं जमतं.

हे सूत्र 'भास्कराचार्यांचं' म्हणून सांगितलेलं बरेचदा दिसतं. भास्कराचार्य म्हटलं की आपल्याला लीलावतीकार आठवतात, आणि घोळ तिथेच होतो. कारण भास्कर दोन. दोघेही गणिती, दोघेही ज्योतिषी, दोघांचेही ग्रंथ संस्कृतात, आणि मध्ये साधारण पाचशे वर्षांचं अंतर.

'पहिला' आणि 'दुसरा' हे आकडे इतिहासकारांनी मागाहून लावले. पोथीत नुसतं 'भास्कर' असतं. मग ओळखायचं कसं? सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे ग्रंथकाराने स्वतः नोंदवलेला काळ, आणि सुदैवाने दोघांनीही तो दिला आहे.

लीलावतीकार सिद्धान्तशिरोमणीत लिहितात, 'रसगुणपूर्णमहीसमशकनृपसमयेऽभवन्ममोत्पत्तिः'. हे शब्द म्हणजे अंक आहेत. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी, ती एक. असे अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे असतात, म्हणून जन्म शके १०३६. त्यात ७८ मिळवले की इ.स. १११४. पुढच्याच ओळीत 'रसगुणवर्षेण', म्हणजे छत्तिसाव्या वर्षी ग्रंथ रचला असं म्हटलंय. ते झालं ११५०. अंक डावीकडून वाचले तर शके ६३०१ येतं, जे अजून उजाडायचं आहे! चूक स्वतःच बोंब मारते, म्हणून ही पद्धत मला आवडते.

दुसऱ्या भास्करांनी, म्हणजे कालक्रमाने पहिल्यांनी, आर्यभटीयावर भाष्य लिहिलं. त्यात कल्पाच्या आरंभापासून १,९८,६१,२३,७३० वर्षं लोटल्याचा हिशेब आहे. आर्यभटाच्या गणतीने कलियुग सुरू होईपर्यंत १,९८,६१,२०,००० वर्षं होतात. वजाबाकी केली की कलीची ३७३० वर्षं उरतात, आणि ३१०१ वजा केले की इ.स. ६२९ मिळतं.

एवढं झाल्यावर सूत्राचा निकाल सोपा वाटतो. ते महाभास्करीयात आहे, आणि महाभास्करीय सातव्या शतकातल्या भास्करांचं. पण मग लीलावतीकारांचं नाव आलं कुठून? निव्वळ नावसाधर्म्याने नव्हे. लीलावतीत वर्तुळाच्या जीवेचा एक नियम आहे: कंस आणि परिघातून कंस वजा जाऊन उरलेला भाग यांचा गुणाकार 'प्रथम' म्हणायचा, मग प्रथम आणि व्यास यांच्या गुणाकाराच्या चौपटीला परिघवर्गाच्या सव्वापटीतून प्रथम वजा करून आलेल्या संख्येने भागायचं. परिघ ३६० धरून कंस कोनाच्या दुप्पट घ्या आणि आलेल्या जीवेला व्यासाने भागा, म्हणजे वरचंच सूत्र बाहेर पडतं. म्हणजे दोन्ही भास्करांच्या ग्रंथांत ते खरोखरच आहे. 'भास्कराच्या ग्रंथात मी स्वतः पाहिलं' असं कुणी म्हटलं तर तो खोटं बोलत नाही, आणि तरीही तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. त्यात ब्रह्मगुप्तानेही ६२८ साली याच तोडीचा नियम दिलेला आहे. त्यामुळे 'शोध कुणाचा' यापेक्षा 'कोणत्या ग्रंथात, कोणत्या साली' एवढंच लिहिणं प्रामाणिक.

दोघांना वेगळं करणारी आणखी एक खूण म्हणजे गुरुपरंपरा. सातव्या शतकातले भास्कर आर्यभटाचे कट्टर अनुयायी, लीलावतीकार ब्रह्मगुप्ताच्या वाटेचे. आणि कुणाच्या पोथीत १११४ च्या आधी भास्करांचं मत उद्धृत झालेलं असेल, तर ते लीलावतीकार असूच शकत नाहीत.

नुसत्या क्रमांकावर मात्र विसंबू नये. १९७९ आणि १९८१ साली सोडलेल्या 'भास्कर' उपग्रहांचे एक आणि दोन हे प्रक्षेपणाचे क्रमांक आहेत, गणितींचे नव्हेत.

घराण्यावरून ओळखावं म्हटलं तर तिथेही खड्डा आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे लीलावतीकारांचे नातू चांगदेव यांचा शिलालेख सापडला. त्यात वंशावळ कोरली आहे, आणि तीत लीलावतीकारांच्या कितीतरी पिढ्या आधी आणखी एक विद्वान येतो, ज्याला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली. त्याचं नाव भास्करभट्ट.