लेबलवरील बारकोडवरून छायाचित्रांना नावे देण्याची पद्धत
(साडी दुकानदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आपण कॅमेऱ्यातून उतरवून पाठविलेल्या छायाचित्रांची नावे IMG_4127.JPG, IMG_4128.JPG अशी असतात, आणि त्यांवरून कोणते छायाचित्र कोणत्या साडीचे आहे हे कळत नाही. साडीच्या लेबलवरील बारकोड किंवा क्यूआर कोड छायाचित्रातूनच वाचून त्यातील मालक्रमांक हेच फाइलचे नाव करणे, हे आमचे काम आहे. ते बिनचूक व्हावे यासाठी छायाचित्रे कशी काढावीत, हे येथे सांगितले आहे.

सर्वांत महत्त्वाची विनंती अशी, की प्रत्येक साडीचे पहिले छायाचित्र केवळ लेबलचे, जवळून काढलेले असावे आणि त्यानंतर पदर, काठ, बुट्टी व संपूर्ण साडी यांची छायाचित्रे घ्यावीत. संपूर्ण साडीच्या छायाचित्रात लेबल दिसत असले तरी ते वाचता येत नाही. सहा हजार पिक्सेल रुंदीच्या छायाचित्रात दीड मीटर रुंद दृश्य मावते, तेव्हा एका मिलिमीटरच्या वाट्याला चार पिक्सेल येतात. दुकानातील लेबल प्रिंटरवर छापलेल्या बारकोडची सर्वांत बारीक रेघ बहुधा पाव मिलिमीटरची असते, म्हणजे तिच्यासाठी एकच पिक्सेल उरतो आणि शेजारच्या रेघा एकमेकींत मिसळून जातात. वाचनासाठी त्या रेघेला निदान दोन-तीन पिक्सेल हवेत. तीस सेंटिमीटर रुंदीचे दृश्य घेतल्यास पाच मिळतात आणि प्रश्नच उरत नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे पाठविलेला फोटो आकाराने लहान होऊन पोहोचतो व ही सारी काळजी वाया जाते. म्हणून तेथून पाठवायचेच असल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

वाचनासाठी आम्ही ZBar ही मुक्त प्रणाली वापरतो. तिची आज्ञा व तिचे उत्तर असे असते:

```
zbarimg --quiet --raw IMG_4127.JPG
PT/25-26/0417
```

विंडोजवर फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, त्यामुळे तिच्या जागी आम्ही आडवी रेघ घालतो. लेबलच्या छायाचित्राचे नाव PT-25-26-0417_0.JPG असे होते आणि पुढील लेबल येईपर्यंतच्या छायाचित्रांना _1, _2 असे क्रमांक मिळतात. हा क्रम आम्ही फाइलच्या नावावरून न लावता छायाचित्रात नोंदलेल्या वेळेवरून लावतो, कारण कॅमेऱ्याचा आकडा 9999 नंतर पुन्हा आरंभापासून सुरू होतो. दोन कॅमेरे वापरल्यास त्यांची घड्याळे जुळतीलच असे नाही. म्हणून प्रत्येकाचे फोल्डर कृपया वेगळे ठेवावे.

कोड चुकीचा वाचला जाईल अशी भीती पुष्कळ ग्राहक बोलून दाखवतात. तसे क्वचितच घडते, कारण अशा लेबलांवर बहुधा वापरल्या जाणाऱ्या ‘कोड 128’ या प्रकारात पडताळणीचे एक चिन्ह छापलेलेच असते आणि ते जुळले नाही तर वाचन नाकारले जाते. खरा धोका कोड मुळीच न वाचला जाण्याचा आहे. समजा, 0417 नंतर 0418 चे लेबल प्लास्टिकच्या पिशवीवर पडलेल्या दिव्याच्या चकाकीमुळे वाचले गेले नाही. तर 0418 ची सर्व छायाचित्रे कोणतीही तक्रार न होता 0417 च्या नावावर जमा होतात आणि संकेतस्थळावर एका साडीखाली दुसरीच साडी दिसू लागते. हे ओळखण्याची खूण म्हणजे संख्या. प्रत्येक साडीची ठरलेली छायाचित्रे लेबल धरून पाच असतील आणि एखाद्या क्रमांकाखाली दहा आढळली, तर मधले एक लेबल सुटले आहे. असा गट आम्ही बाजूला काढून डोळ्यांनी तपासतो. याच कारणासाठी दर साडीमागे छायाचित्रांची संख्या सारखी ठेवावी, आणि लेबल पिशवीबाहेर काढून किंचित तिरपे धरावे, म्हणजे चकाकी टळते.

एक गंमतीचा, पण वेळ खाणारा प्रकारही सांगितला पाहिजे. गल्ल्यावर ठेवलेला पैसे घेण्याचा क्यूआर कोड छायाचित्राच्या कोपऱ्यात आला, तर तोही इमानदारीने वाचला जातो आणि upi://pay ने सुरू होणारा मजकूर नाव म्हणून पुढे येतो. आपल्या मालक्रमांकाचा साचा आम्हाला आधी कळविल्यास त्यात न बसणारे कोड आम्ही सोडून देतो.

मूळ फाइली आम्ही बदलत नाही. नवे नाव प्रतींना दिले जाते, आणि जुन्या-नव्या नावांची यादी सोबत मिळते. आपले कोड केवळ अंकांचे असल्यास ही यादी एक्सेलमध्ये घेताना तो रकाना ‘टेक्स्ट’ ठेवावा, अन्यथा आरंभीची शून्ये गळतात व तेरा अंकी क्रमांक 8.90123E+12 असा दिसतो. साडीला मुळातच दुसऱ्या साडीचे लेबल लागले असेल, तर ते मात्र या पद्धतीने कळत नाही. त्यासाठी यादीतील काही क्रमांक आपल्या मालनोंदवहीतील रंग व वाणाशी ताडून पाहावेत.