फर्निचरचे दरपत्रक मागवताना : आम्ही तुमच्या पत्रात काय तपासतो

आमच्याकडे मुद्रितशोधनासाठी येणाऱ्या पत्रांत दरपत्रक मागणारी पत्रे बरीच असतात. त्यांतल्या चुका कशा असतात, हे या नमुन्यावरून कळेल :

‘आमच्या नविन कार्यालया साठी टेबल व खुर्च्या १२ नग, भिंतीतील कपाटे २ (४ फळ्या) यांचे दरपत्रक देण्याची विनंति आहे. माल पंधरा दिवसात हवा.’

शुद्धलेखन लगेच उरकते. नवीन, विनंती, पंधरा दिवसांत. ‘साठी’ हे शब्दयोगी अव्यय आहे, म्हणून ‘कार्यालयासाठी’ असे जोडून लिहायचे. या चुका दिसायला वाईट, पण त्यांनी कुणाचे पैसे बुडत नाहीत.

पैसे बुडतात ते ‘भिंतीतील’सारख्या शब्दाने. शब्द शुद्ध आहे, संगणकही त्याखाली लाल रेघ ओढणार नाही. पण भिंतीतील कपाट म्हणजे कोनाड्यात बसवलेले, भिंतीवरचे म्हणजे खिळ्या-स्क्रूंवर टांगलेले आणि भिंतीलगतचे म्हणजे नुसते टेकवून ठेवायचे. पहिल्यासाठी सुतार माप घ्यायला येईल, तिसरे दुकानातून थेट टेम्पोत चढेल. आपल्या ग्राहकाला बहुधा तिसरेच हवे असते.

आता आकडे पाहू. ‘टेबल व खुर्च्या १२ नग’ म्हणजे बारा-बारा, की मिळून बारा? एक विक्रेता सहा-सहा धरेल, दुसरा बारा-बारा, आणि दोन्ही दरपत्रके शेजारी ठेवून तुलनाच होणार नाही. फळ्यांचेही तसेच : चार फळ्या दोन्ही कपाटांत मिळून की प्रत्येकात? शिवाय कपाटात चार फळ्या टाकल्या की कप्पे पाच होतात. फायली कप्प्यांत बसतात, म्हणून कप्पेच मोजून सांगावेत.

दुरुस्त पत्र असे :

‘आमच्या नवीन कार्यालयासाठी पुढील फर्निचरचे दरपत्रक द्यावे, ही विनंती.
१. टेबल, लांबी १२०० × रुंदी ६०० × उंची ७५० मिमी, प्रत्येकी ३ ड्रॉवर : १२ (बारा) नग
२. फिरती खुर्ची, हातांची : १२ (बारा) नग
३. लोखंडी कपाट, भिंतीलगत ठेवायचे, प्रत्येकी ५ कप्पे : २ (दोन) नग
दर प्रति नग लिहावा. जीएसटी, वाहतूक व जोडणी वेगळी दाखवावी. ऑर्डर दिल्यापासून पंधरा दिवसांत माल मिळावा.’

संख्या अक्षरांतही लिहिली आहे, ती उगाच नाही. पुसट छपाईत मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि ४ हा इंग्रजी आठसारखा.

वरची मापे आणि ड्रॉवर मूळ पत्रात नव्हते. असे तपशील आम्ही मनाने भरत नाही. समासात प्रश्नचिन्ह टाकून पत्र परत देतो. उत्तर तुम्ही लिहायचे, मग आम्ही शेवटची प्रत काढतो.