चित्र चौकटीचं ऐकतं, प्रतिबिंब ऐकत नाही

हॉलच्या फोटोत भिंतीवर एक तसबीर दिसते आहे. काळपट रंगांचं जुनं चित्र, भोवती पांढऱ्या पुठ्ठ्याची किनार म्हणजे माउंट, वर काच, आणि काचेवर समोरच्या खिडकीच्या उजेडाचा तिरका पट्टा. आता तेच चित्र फोटोपुरतं काढून तिथे राजगडाचा फोटो बसवायचा आहे. चौकट, काच, उजेडाचा पट्टा सगळं जसंच्या तसं राहायला हवं. नवं चित्र चार कोपऱ्यांत ओढून बसवलं की झालं, असं वाटतं. पण बसवून पाहिलं की ते काचेमागे नाही, काचेवर चिकटवल्यासारखं दिसतं.

आधी कोपऱ्यांचं पाहू. कॅमेरा डावीकडे उभा असेल तर चौकटीची डावी बाजू जवळ येते आणि मोठी दिसते. समजा माउंटमधून चित्र दिसतं त्या चौकोनाची डावी कड फोटोत ९०० पिक्सेल उंच आहे, उजवी ७२०, आणि दोन्हींमधलं अंतर ८००. चित्राचा खरा मध्य कुठे? ४०० वर नाही. या चौकोनाचे कर्ण काढले तर ते डाव्या कडेपासून ४४४ पिक्सेलवर छेदतात, आणि तोच खरा मध्य, कारण सरळ रेषा फोटोतही सरळच राहते आणि आयताचे कर्ण मध्यातच भेटतात. म्हणजे चित्राच्या डाव्या अर्ध्याला ४४४ पिक्सेल मिळतात, उजव्याला ३५६.

चित्र नुसतं उभ्या पट्ट्यांमध्ये कमीजास्त ताणून चौकोनात कोंबलं तर राजगडाच्या फोटोत मधोमध असलेला बालेकिल्ला ४४४ ऐवजी ४०० वर येऊन बसतो. कडा तंतोतंत जुळलेल्या असतात आणि तरी काहीतरी खटकतं, ते यामुळे. खऱ्या पर्स्पेक्टिव्ह रूपांतराला फक्त चार कोपरे लागतात. प्रत्येकाचे आडवे-उभे दोन आकडे, एकूण आठ, आणि तेवढ्यावर प्रत्येक बिंदूची जागा ठरते. फोटोशॉप किंवा गिंपमधलं पर्स्पेक्टिव्हचं साधन हेच गणित करतं. त्यात दोन अडचणी येतात. मोबाइलच्या वाइड लेन्सने कडा किंचित वाकवल्या असतील तर आधी त्या सरळ कराव्या लागतात. आणि माउंट नसेल, तर चित्र चौकटीच्या पट्टीमागे काही मिलिमीटर आत असतं, त्यामुळे डावीकडून पाहताना डावी पट्टी चित्राची थोडी कड झाकते. तिथे कोपरा दिसतो तिथे नसतोच. तो पट्टीआड कल्पावा लागतो.

खरी गंमत काचेत आहे. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून समोरून पडलेल्या उजेडाचा सुमारे ४ टक्के भाग परततो, दोन्ही पृष्ठभागांचा मिळून ८ टक्क्यांच्या आसपास. कोन वाढला की तो वाढतो. ६० अंशांवर एकट्या पृष्ठभागाचाच जवळपास ९ टक्के होतो. म्हणून तिरक्या फोटोत लांबच्या कडेकडे चमक थोडी जास्त असते. हा उजेड चित्राला न शिवता थेट कॅमेऱ्यात येतो. तो चित्राच्या उजेडात मिसळत नाही, त्यावर चढतो. बेरीज होते. आणि ती चित्र कुठलंही असलं तरी तेवढीच होते.

ही बेरीज करताना बहुतेकांचा पाय घसरतो तो पिक्सेलच्या आकड्यांवर. ० ते २५५ हे आकडे उजेडाच्या प्रमाणात नसतात. डोळ्याला सोयीचं म्हणून ते वाकवलेले असतात. १२८ म्हणजे अर्धा उजेड नव्हे, जेमतेम २२ टक्के. अर्धा उजेड १८८ ला येतो.

आपल्या फोटोत जुन्या चित्राचा काळा भाग पट्ट्याबाहेर १८ आहे आणि पट्ट्याखाली ६४. उजेडात मोजलं तर ०.६ टक्के आणि ५.१ टक्के. फरक ४.५ टक्के, आणि तेवढंच खिडकीचं प्रतिबिंब. आता त्याच जागी राजगडावरचं फिकट आकाश येणार आहे, त्याचा आकडा २००. उजेडात ते ५८ टक्के, त्यात ४.५ मिळवले की ६२ टक्क्यांच्या वर, आणि परत आकड्यात उतरवलं की २०७. काळ्यावर ४६ अंकांची उडी मारणारा पट्टा आकाशावर फक्त ७ अंकांनी उठतो. काचेमागचं फिकट चित्र प्रतिबिंबाला गिळतं, ते असं.

आकड्यांची सरळ बेरीज केली असती तर २०० आणि ४६ मिळून २४६ झाले असते, म्हणजे आकाशात भगभगीत पट्टा. पुष्कळ जण त्याऐवजी पट्ट्याच्या थराला मिसळण्याचा 'स्क्रीन' मोड लावतात. त्याने २१० येतं. ते बरंच जवळचं आहे आणि घाईच्या कामाला मी तरी त्याला नावं ठेवणार नाही. फोटोशॉपमध्ये फाइल ३२ बिटची केली की मात्र बेरीज खऱ्या उजेडात होते.

हिशेब बरोबर आला का हे तपासायला माउंट आहेच. काच त्याच्यावरही आहे, पट्टाही त्याच्यावरून गेलेला आहे, आणि माउंट आपण बदललेला नाही. तिथे पट्ट्याबाहेर २१५ असेल तर पट्ट्याखाली २२१ च्या आसपास मिळायला हवं. माउंटवरून चित्रात शिरताना पट्टा तुटला, सरकला किंवा एकदम जाड झाला, तर काम फसलं.

आणि पट्टा सरकण्याचं कारण बहुधा एकच असतं: तो चित्रासोबत पर्स्पेक्टिव्हमध्ये ओढला गेलेला असतो. खिडकीचं प्रतिबिंब चित्राच्या पातळीवर नसतंच. खिडकी काचेसमोर तीन मीटरवर असेल तर तिचं प्रतिबिंब काचेमागे तीन मीटरवर असतं, भिंतीच्या पार पलीकडे. त्याचं पर्स्पेक्टिव्ह वेगळं, फोकसही वेगळा. म्हणून चित्र कुरकुरीत आणि पट्ट्याची कड मऊ, असंच दिसायला हवं. पट्टा आहे तिथेच ठेवायचा, चित्र त्याच्याखाली सरकवायचं.

सावलीचं उलट. चौकटीच्या पट्टीची चित्रावर पडणारी सावली हा चित्रावरच्या उजेडाचा भाग, म्हणून तिथे बेरीज नाही, गुणाकार. खिडकीकडून लांब जाताना भिंत मंदावते तोही गुणाकारच, आणि त्याचं प्रमाण माउंटच्या डाव्या-उजव्या बाजूंवरून मिळतं. क्रम मात्र पाळायचा: आधी चित्रावर गुणाकार, मग प्रतिबिंबाची बेरीज. उलट केलं तर सावली प्रतिबिंबावरही पडते, जे काचेवर कधी घडत नाही. शिवाय नव्या फाइलमधला शुद्ध काळा कागदावर कधी छापला जात नाही. तो १८ च्या आसपास उचलावा, आणि पांढरा माउंटपेक्षा उजळ होऊ देऊ नये.

हे सगळं जमलं ते जुनं चित्र काळपट होतं म्हणून. ते रंगीबेरंगी असतं आणि काचेत पडदा, झुंबर, माणसं दिसत असती, तर एका फोटोवरून दोन्ही वेगळं करता येत नाही. प्रत्येक पिक्सेलला बेरीज एक आणि अज्ञात दोन. तसबीर हाताशी असेल तर सोपा मार्ग आहे. कॅमेरा तिवईवर, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्के, आणि चित्राच्या जागी एकदा काळं मखमल, एकदा कोरा पांढरा कागद लावून दोन फोटो. मखमलीच्या फोटोत जवळजवळ नुसतं प्रतिबिंब उरतं. कागदाच्या फोटोतून ते वजा केलं की सावल्यांसकट चित्रावर पडलेला उजेड मिळतो. दोन फोटोंमध्ये फार वेळ जाऊ द्यायचा नाही. तेवढ्यात ढग आला तर खिडकीचा उजेड बदलतो आणि वजाबाकी जुळत नाही.