स्तंभाचं टोक आणि अर्धा मिलिमीटर

जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांमध्ये बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या डोक्यात एक समज पक्का बसलेला दिसतो. डीआय, म्हणजे एकाच आलेखावर चार-पाच प्रश्न विचारणारा संच, हा झटपट गुणाकार-भागाकाराचा खेळ आहे, असं त्यांना वाटतं. 'दहा सेकंदांत उत्तर' छापाच्या जाहिराती या समजाला खतपाणी घालतात. माझ्या मते संच बुडतो तो आकडेमोडीत कमी, चित्रातून आकडा उचलताना जास्त. सगळे प्रश्न त्याच मोजक्या आकड्यांवर उभे असल्यामुळे एक स्तंभ चुकीचा वाचला, की दोन-तीन उत्तरं एकदम जातात.

सरावासाठी बनवलेलं एक उदाहरण घेऊ, आकडे काल्पनिक आहेत. एका आठवड्यात चार तालुक्यांतून निघालेले केळीचे ट्रक स्तंभालेखात दाखवले आहेत. स्तंभांवर आकडे छापलेले नाहीत. उभ्या अक्षावर 40, 60, 80, 100 अशा रेघा आहेत. अक्ष शून्यापासून नव्हे, 40 पासून सुरू होतो, हे आधी हेरायचं.

आता पट्टी लावा. 40 ची रेघ कागदाच्या खालच्या कडेपासून 10 मिमीवर आणि 100 ची 58 मिमीवर आहे. म्हणजे 48 मिमीमध्ये 60 ट्रक बसले, 1 मिमीला सव्वा ट्रक. रावेरच्या स्तंभाचं टोक 50 मिमीवर आहे. 40 च्या रेघेपासून ते 40 मिमी वर, म्हणजे 50 ट्रक, त्यात सुरुवातीचे 40 मिळवले की 90. याच रीतीने यावल 70, चोपडा 65, मुक्ताईनगर 55. हे चार आकडे कच्च्या कागदावर मांडायचे, पडताळायचे आणि मग चित्राकडे पाहणं सोडून द्यायचं. कारण डोळा फसतो. रावेरचा स्तंभ 40 मिमी उंच आणि मुक्ताईनगरचा 12, म्हणजे तिपटीहून जास्त. ट्रक मात्र जेमतेम 1.6 पट आहेत. निवडणुकीच्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे कितीतरी आलेख याच कापलेल्या अक्षावर बेतलेले असतात.

पडताळायचं कसं? शेजारशेजारच्या रेघांमधलं अंतर मोजा. इथे प्रत्येक अंतर 16 मिमी यायला हवं. खालचं 17 आणि वरचं 15 आलं, तर समोरचं चित्र म्हणजे आलेखाचा फोटो आहे आणि तो काढताना मोबाइल तिरका धरला होता. मग पूर्ण अक्षाचं एकच प्रमाण चालत नाही. टोकाच्या लगतच्या दोन रेघांमध्येच हिशोब करावा लागतो. चित्र वरचेवर फॉरवर्ड झालेलं असेल तर स्तंभाची कड धूसर होते. जेपीईजी पद्धत चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन करून त्यातला बारीक तपशील टाकून देते, त्यामुळे रंगाची धारदार सीमा पसरते. अशा वेळी धुरकट पट्ट्याचा मध्य धरावा.

एवढी काळजी घेतली तरी अर्ध्या मिलिमीटरची चूक राहतेच, म्हणजे सुमारे 0.6 ट्रक. माझ्या आवडीचा भाग इथे सुरू होतो, कारण हीच चूक प्रत्येक प्रश्नात वेगळं नुकसान करते. 'एकूण ट्रक किती?' उत्तर 280. चारही वाचनं एकाच बाजूला चुकली तरी फरक अडीच ट्रकचा, एक टक्क्याच्या आत. पण 'यावलचे ट्रक चोपड्यापेक्षा किती टक्क्यांनी जास्त?' असं विचारलं, तर 70 वजा 65 म्हणजे 5, आणि 5 भागिले 65 म्हणजे 7.7 टक्के. यावल 0.6 ने जास्त आणि चोपडा तेवढ्यानेच कमी वाचला, तर फरक सव्वासहा होतो आणि उत्तर 9.7 टक्क्यांवर जातं. उलट चुकलं तर 5.7. दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी करताना संख्या बहुतांशी एकमेकींना खाऊन टाकतात, चुका मात्र शिल्लक राहतात आणि त्या उरलेल्या पाचाच्या मानाने अवजड ठरतात.

पर्याय 7.7 आणि 9.5 असे असतील तर या पद्धतीने निवाडा होत नाही. तेव्हा दोन्ही स्तंभ अक्षापासून वेगवेगळे मोजू नका. चोपड्याच्या टोकावरून कागदाची सरळ कड आडवी लावा आणि यावलचं टोक तिच्यापासून किती वर आहे, तेवढंच मोजा. 4 मिमी, म्हणजे 5 ट्रक. मोजणी एकदाच झाली, म्हणून चूकही एकदाच. उत्तर आता साधारण 6.7 ते 8.7 टक्क्यांच्या पट्ट्यात येतं आणि 9.5 बाद होतो. परीक्षेच्या खोलीत पट्टी नसते, पण कच्च्या कागदाच्या कडेवर पेन्सिलीने दोन खुणा करून त्या अक्षाच्या रेघांशी लावून पाहता येतात.