घसा बसतो, सुटतो, पुन्हा बसतो
बाजारात, बसवर आणि जत्रेत दिवसभर ओरडणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

दोन-चार दिवस आवाज बसला तर त्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि सर्दी-खोकल्याने बसलेला आवाज खरोखर आपोआप सुटतोही. पण सकाळी बरा असलेला आवाज दुपारपर्यंत घोगरा होतो, संध्याकाळी नुसती हवा सुटते आणि महिनोन्‌महिने हेच चाललंय, असं असेल तर कारण बहुतेक वेळा स्वरतंतूंवर असतं.

स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते एकमेकांवर आपटत थरथरतात. साध्या बोलण्यात पुरुषाचे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बाईचे दोनशेच्या आसपास. म्हणजे एखादी बाई दहा मिनिटं सलग बोलली, तर एक लाखाहून जास्त टकरा. ओरडताना त्या आणखी वाढतात आणि जोरानेही होतात. सगळ्यात जास्त मार तंतूंच्या पुढच्या एक तृतीयांश भागाच्या टोकाशी बसतो. तिथे दोन्ही बाजूंना, समोरासमोर, सूज येते आणि पुढे ती घट्ट होत जाते. कोयता चालवणाऱ्याच्या तळहाताला घट्टा पडतो, तसंच हे. यांनाच स्वरतंतूंच्या गाठी किंवा नोड्यूल्स म्हणतात. मोठ्या माणसांत त्या बायकांना जास्त होतात. गाठ हा शब्द ऐकून अनेकांच्या पोटात गोळा येतो, पण हे नोड्यूल्स कॅन्सर नव्हेत आणि त्यांचा पुढे कॅन्सर होत नाही.

गाठी मध्ये आल्या की तंतू नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते. हे घरीही थोडं तपासता येतं. खोल श्वास घेऊन 'स्स्स' किती सेकंद लांबवता येतो ते घड्याळावर मोजा. मग तेवढाच श्वास घेऊन 'झाड'मधला 'झ' लांबवा, भुंगा गुणगुणतो तसा. निरोगी घशात दोन्ही जवळजवळ सारखे टिकतात. 'स' अठरा सेकंद आणि 'झ' अकराच, असं पुन्हा पुन्हा आलं तर तंतू मिटत नसल्याची शंका घ्यावी. निदान मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीतून पाहिल्यावरच होतं. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे, खाजगी डॉक्टरही ही तपासणी करतात. आम्ही आवाजाचे थेरपिस्ट, पण तो रिपोर्ट असल्याशिवाय आम्ही आवाजाच्या व्यायामांची थेरपी सुरू करत नाही. काही लोक यावर चिडतात, पण घोगरा आवाज तंतूवरच्या पॉलिप नावाच्या फुगवट्याने, तंतूच्या लकव्याने किंवा कॅन्सरनेही होतो आणि बाहेरून ऐकून ते कुणालाच सांगता येत नाही. तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर तपासणी करून घ्याच. तंबाखू किंवा विडी असेल, थुंकीत रक्त दिसत असेल, गिळायला किंवा श्वासाला त्रास असेल, मानेत गाठ लागत असेल, तर तेवढंही थांबू नका.

आता एक उदाहरण धरू. म्हापशाच्या बाजारात वीसेक वर्षं मासळी विकणारी, चाळिशीची बाई. शुक्रवारी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, आवाज सगळ्यात वाईट. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, धंदा मंदावतो, तेव्हा आवाज सुधारतो. ऑगस्टमध्ये परत बिघडतो. ही माहिती आमच्या फार कामाची असते, कारण विश्रांतीने सुधारणारा आणि वापराने बिघडणारा आवाज गाठींकडे बोट दाखवतो. दुर्बिणीत दोन्ही बाजूंना लहान, मऊ गाठी दिसल्या.

तिचे आतापर्यंतचे उपाय म्हणजे मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ज्येष्ठमध आणि झणझणीत गोळ्या. गुळणीचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही, पोचलं तर ठसका लागेल. ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटतं, इतकंच. झणझणीत गोळीने मात्र दुखणं दबतं आणि माणूस आणखी ओरडतो. आवाज गेल्यावर जोर लावून कुजबुजण्यानेही घशावर ताणच पडतो.

पहिल्या आठवड्यात तिला दोन सवयी सांगितल्या. सारखं खाकरायचं नाही, खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी गिळायचं, कारण प्रत्येक खाकरण्यात तंतू जोराने आपटतात. आणि दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायचं. हे दुसरं बोलायला सोपं. बाजारात बसणाऱ्या बायका शौचालयाची सोय धड नसल्यामुळे मुद्दाम पाणी टाळतात. म्हणून आधी तिच्या जागेजवळ कुठे जाता येईल आणि तेवढा वेळ पाटी कोण सांभाळेल ते ठरवलं, मग पाण्याचं बोललो.

सोबत स्ट्रॉचा व्यायाम. पेल्यात पाणी घ्यायचं, स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवायची आणि तिच्यातून 'ऊऊऊ' असा आवाज काढायचा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत, गाल फुगवून जोर करायचा नाही. पाण्याचा उलटा दाब घशाकडे येतो, त्यामुळे तंतू हलके टेकतात आणि न आपटता थरथरतात. पाच-पाच मिनिटं, बाजाराआधी, मधल्या वेळेत आणि घरी आल्यावर.

पुढचे दोन आठवडे ओठ मिटून 'म्म्म'. थरथर घशात न जाणवता ओठांवर आणि नाकाशी जाणवली पाहिजे. मग त्याच ठिकाणाहून शब्द काढायचे. तिला शब्द शोधावे लागले नाहीत. मोरी, मुडदुशे, माणकी, सगळे पाटीतलेच.

खरं काम चौथ्या आठवड्यात, तिच्या हाकेवर. तिची हाक "ए बाय, यो गो!" अशी. हाक स्वराने सुरू करून झटक्याने मारली की तंतू आधी घट्ट मिटतात आणि मग फटकन उघडतात. दिवसभरात असे शेकडो फटके. आम्ही हाक बदलली. सुरुवात माशाच्या नावाने, 'म' थोडा लांबवून, तोंड मोठं उघडून, "माऽणकी, ताजी माणकी!" ती कमी जोरात लांबवर जाते. शिवाय ती खाली बसून, मान वर ताणून उभ्या गिऱ्हाइकाशी बोलायची. बसायला उंच पाट घेतल्यावर मानेचा ताण उतरला. चार जागा पलीकडच्या मैत्रिणीशी ओरडून गप्पा मारणं बंद करायला सांगितलं, तर तिला तेच सगळ्यात जड गेलं!

आठवड्याला एक बैठक, अशा आठ बैठका. तिसऱ्या महिन्यात पुन्हा दुर्बीण, तेव्हा एक गाठ गेलेली, दुसरी टाचणीच्या टोकाएवढी. मऊ, नव्या गाठींत असं होऊ शकतं. जुन्या, कडक गाठी व्यायामाने जातीलच असं नाही. त्यांची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात, पण हाक तीच राहिली तर गाठी परत येऊ शकतात. म्हणून तेव्हाही थेरपी शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर लागते.

बसचे कंडक्टर आमच्याकडे येतात तेव्हा एक गोष्ट लगेच पटवता येते. आवाजाच्या गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, आणि इंजीन चालू असलेल्या गाडीच्या दारात ओरडणं म्हणजे इंजिनाशी शर्यत. बस थांबल्यावर, इंजिनाचा आवाज पडल्यावर हाक द्या. शिट्टी आहेच. दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराने तर हा प्रश्न कधीच सोडवलाय, तो सायकलचा पों-पों वाजवतो आणि घसा मोकळा ठेवतो. जत्रेत खाजं विकणाऱ्यांना आणि शिकवणीवाल्यांना आम्ही कमरेला बांधायचा छोटा माईक सुचवतो. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

येताना दुर्बिणीचा रिपोर्ट आणि चालू औषधांची चिठ्ठी आणा. रात्री उशिरा जेवून लगेच झोपत असाल किंवा आंबट ढेकर येत असतील तर तेही सांगा, घशात चढणारं ॲसिड तंतूंना सुजवतं. आणि शक्यतो बाजार उरकून तसेच या. थकलेला आवाज ऐकायला मिळाला, तर कुठे ताण पडतोय ते लवकर कळतं.