वाऱ्याशी भांडणारी नकाशातली बाई

शिरवळला चहाला थांबलो होतो. हेल्मेट काढलं, दोन कटिंग संपवले, पैसे विचारले. टपरीवाल्याने आकडा सांगितला तो मला ऐकूच आला नाही. दुसऱ्यांदा सांगितला तेव्हा त्याच्या ओठांकडे बघून कळला. कानात बारीक शीळ वाजत होती आणि सगळं जग कापसात गुंडाळल्यासारखं वाटत होतं. पुण्याहून निघून जेमतेम तास झाला होता. त्या तासात हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर मी जुनी गाणी ऐकत होतो आणि मध्येमध्ये नकाशातली बाई वळणं सांगत होती. गाडीची गती वाढली की मीही आवाज एकेक घर वाढवत होतो.

मला वाटलं, दोष स्पीकरचा. खरा गुन्हेगार होता वारा, आणि त्याला साथ मी दिली होती.

हेल्मेटच्या आत इंजिनाचा आवाज फारसा नसतो. साधारण साठ-पासष्टच्या पुढे गाडी गेली की वाऱ्याचा आवाज इंजिनावर मात करतो. हवा हेल्मेटच्या कडांवरून, काचेच्या फटीवरून आणि हनुवटीखालून जाताना घुसळते, आणि ती घुसळण म्हणजेच तो घुमणारा घर्घराट. तो वेगाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्यापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतो. मोटारसायकलस्वारांच्या हेल्मेटमध्ये माइक बसवून केलेल्या मोजणीत ताशी ६० किलोमीटरला सुमारे ९० डेसिबल आणि ताशी १६० ला सुमारे ११० डेसिबल असे आकडे मिळाले आहेत. त्यावरून हिशेब केला तर ९० च्या गतीला कानाशी ९८ डेसिबलच्या आसपास आवाज असणार. हेल्मेटचा आकार, समोरची काच आणि तुमची उंची यांनुसार तो दोन-चार डेसिबल इकडेतिकडे होईल.

आता कानाचा हिशेब. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास चालतील, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करायची. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. ९८ पर्यंत पोचेस्तोवर पंचवीसएक मिनिटं उरतात. कात्रजचा बोगदा सोडल्यापासून शिरवळ चाळीसएक किलोमीटर. म्हणजे एकही गाणं न लावता, नुसत्या वाऱ्यानेच, माझा दिवसाचा कोटा शिरवळच्या अलीकडे संपला होता.

यात गाणं घातलं की काय होतं बघा. ९८ च्या गोंगाटात गाणं नीट ऐकू यायचं तर तेही निदान तेवढ्याच जोराचं हवं. दोन सारखे आवाज एकत्र आले की बेरीज १९६ होत नाही, ३ डेसिबलने वाढते. १०१. आकडा किरकोळ दिसतो, पण कोटा पुन्हा निम्मा झाला. आता बारा मिनिटं.

नकाशातल्या बाईची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती दर काही किलोमीटरला दोन-तीन सेकंद बोलते. तिच्या बोलण्याने कानाचा कोटा फारसा खर्च होत नाही. गैरसोय वेगळीच होते: तिचं बोलणं कळावं म्हणून आवाज वाढवला की तोच आवाज गाण्यांना आणि मित्राशी चाललेल्या गप्पांनाही लागू होतो, आणि ती तासभर चालतात. दुखापत होते ती त्यातून.

बाई ऐकू येत नाही याचं एक कारण कानाच्या रचनेत आहे. वाऱ्याचा घर्घराट बहुतेक खर्जात असतो. जोरदार खर्जाचा आवाज त्याच्या वरच्या पट्टीतले आवाजही झाकून टाकतो. शब्द ओळखू येतात ते व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांची ऊर्जा वरच्या पट्टीत असते आणि ती मुळात क्षीण. म्हणून ‘काहीतरी बोलली’ एवढं कळतं, ‘उजवीकडे’ की ‘डावीकडे’ ते कळत नाही. शिवाय ९८ डेसिबलला कान स्वतःच दमलेला असतो. त्यात आणखी जोरात ओरडून स्पष्टता वाढत नाही.

त्यामुळे सगळ्यात उपयोगी उपाय ऐकायला उलटा वाटतो: कानात बोळे घालायचे. कारखान्यात वापरतात तेच फोमचे, पाच-दहा रुपयांचे. बोळा वारा आणि बाई दोघांनाही खाली आणतो. दोघांमधला फरक साधारण तसाच राहतो, पण ती दोघं आता कानाला झेपेल अशा पातळीवर आलेली असतात, आणि शब्द सुटे सुटे ऐकू येतात. नीट बसलेल्या बोळ्याने २० डेसिबल कमी झाले असं धरलं, तर ९८ चे ७८ होतात. त्यात दिवसभर गाडी चालवली तरी कोटा संपत नाही.

‘नीट बसलेला’ हे महत्त्वाचं. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. स्वतःचा आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटला की बसला. बाहेर अर्धा लोंबत असेल तर तो दागिना आहे, बोळा नव्हे. हॉर्न ऐकू येणार नाही, ही शंका सगळे काढतात. हायवेच्या गतीला वारा आणि हॉर्न दोन्ही सारखेच खाली येतात, त्यामुळे हॉर्न पूर्वीइतकाच वर उठून दिसतो. शहरातल्या संथ गर्दीत मात्र वारा नसतो, तिथे मी बोळे काढून ठेवतो.

दुसरी गोष्ट स्पीकरची जागा. हेल्मेटच्या आत कानासाठी खोलगट खिसा असतो, त्यात चकतीएवढा स्पीकर चिकटपट्टीने बसतो. तो कानाच्या छिद्रासमोर नसेल, बोटभर मागे किंवा खाली गेला असेल, तर आवाज लगेच पडतो आणि माणूस बटण दाबत सुटतो. कानाच्या छिद्राजवळ ओलं कुंकू लावा, हेल्मेट सरळ घालून काढा. अस्तरावर ठिपका उमटेल तिथे स्पीकरचा मध्य. (आमच्या घरी या प्रयोगानंतर हेल्मेटचं अस्तर दोनदा धुतलं गेलं.) स्पीकर कानाला टोचत असेल तर मागचा पातळ फोम काढून बघा, पण थर्माकोल कोरू नका. अपघातात डोक्याचा धक्का तोच सोसतो.

आता फोनशी जोडणी. इंटरकॉममध्ये दोन वेगळ्या जोडण्या असतात आणि घोळ इथेच होतो. एक फोनशी, दुसरी मित्राच्या हेल्मेटशी. फोनसाठी बटण दिवा लाल-निळा लुकलुकेपर्यंत धरायचं आणि फोनच्या ब्लूटूथ यादीत उपकरणाचं नाव निवडायचं. मित्राशी जोडण्याची पद्धत कंपनीगणिक वेगळी, ती पुस्तिकेतच बघावी.

जोडलं तरी नकाशा मुका राहतो, तेव्हा कारण बहुधा असं असतं. ब्लूटूथवर फोन दोन वाटांनी आवाज पाठवतो. एक वाट फोन कॉलची, तीत माइकही चालतो आणि आवाज टेलिफोनसारखा चपटा येतो. दुसरी गाण्यांची, तीत फक्त ऐकायचं, पण दर्जा चांगला. नकाशाच्या सूचना सहसा दुसऱ्या वाटेने येतात. अँड्रॉइड फोनवर उपकरणाच्या नावापुढचं चाक दाबलं की `Phone calls` आणि `Media audio` अशा दोन कळी दिसतात. दुसरी बंद असेल तर फोन कॉल छान येतात आणि नकाशा गप्प बसतो. दोन्ही चालू असूनही खिशातला फोनच बोलत असेल, तर गूगल मॅप्सच्या सेटिंगमध्ये `Play voice over Bluetooth` चालू आहे का ते बघायचं.

आणखी एक खोड म्हणजे सूचनेचा पहिला शब्द गिळला जाणं. गाणी चालू नसली की ही वाट झोपते, आणि बाई बोलू लागल्यावर जागी व्हायला क्षणभर घेते. ‘दोनशे मीटरवर उजवीकडे’ मधले ‘दोनशे’ गेले की पंचाईत. अगदी हळू आवाजात काहीतरी चालू ठेवलं तर वाट जागी राहते. मित्राशी गप्पा चालू असताना तर काही जुनी उपकरणं दोन्ही आवाज मिसळूच शकत नाहीत: एक तर गप्पा तुटतात नाहीतर सूचना हरवते. हे निघण्याआधी पार्किंगमध्ये तपासावं, नाहीतर कळतं ते फाटा मागे पडल्यावर.

आवाजाच्या दोन खुंट्या असतात, फोनची आणि इंटरकॉमची. काही जोड्यांमध्ये त्या एकत्र हलतात, काहींमध्ये वेगवेगळ्या. वेगळ्या असतील तर फोनची जवळजवळ वर ठेवा आणि खेळ इंटरकॉमच्या खुंटीशी करा. फोन हळू आणि इंटरकॉम पूर्ण जोरात ठेवला की आवाजाबरोबर खरखरही मोठी होते. गूगल मॅप्समध्ये सूचनांचा आवाज गाण्यांच्या तुलनेत वेगळा वाढवता येतो. तो वाढवा आणि गाणी खाली आणा, म्हणजे बाईसाठी गाणी ओरडायची गरज पडत नाही.

आता नेमकी पातळी. बोळे घालून नेहमीच्या गतीला, मोकळ्या रस्त्यावर, आवाज इतकाच ठेवा की ‘उजवीकडे’ आणि ‘डावीकडे’ यांतला फरक कळेल. तेवढंच. मग खंबाटकी घाटाने वर चढताना गती चाळिसावर येते, वारा ओसरतो, आणि तोच आवाज एकदम ओरडल्यासारखा वाटतो. वाटला तर ठीक. वाटलाच नाही, तर कान आधीच बधिर झालाय. काही इंटरकॉम गोंगाट पाहून आवाज आपोआप वरखाली करतात. सोय चांगली, पण वरची मर्यादा स्वतः बांधून ठेवावी, नाहीतर वाऱ्यामागोमाग ते वर वर जात राहतं.

सायकलवाल्यांचा पेच वेगळा. त्यांचे कान उघडे असतात आणि तसेच असले पाहिजेत, कारण मागून येणारी गाडी त्यांना ऐकूनच कळते. त्यामुळे कानात घुसणाऱ्या इअरफोनपेक्षा हेल्मेटच्या पट्ट्याला कानाच्या अलीकडे लागणारा छोटा स्पीकर बरा, किंवा गालाच्या हाडावरून आवाज पोचवणारा हेडफोन. हाडावाटे आलेला आवाज कानाच्या पडद्याला वळसा घालतो खरा, पण आतल्या शंखातल्या त्याच नाजूक केसपेशींवर जाऊन आदळतो. उतारावर वाऱ्यात तो चढवला तर धोका तोच.

केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्या आधी दमतात, आणि ती दमणूक मोजायची सोपी युक्ती आहे. निघण्यापूर्वी घरात फोनवर बातम्या लावा आणि जेमतेम ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा. पातळी लक्षात ठेवा. पोचल्यावर तसल्याच शांत खोलीत, फोन तेवढ्याच अंतरावर धरून, त्याच पातळीला ऐका. ऐकू आलं नाही, तर त्या दिवशीचा आवाज जास्त होता. शीळ आणि बधिरपणा दुसऱ्या दिवशीही उरला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं.

परतताना मी बोळे घातले होते आणि गाणी बंद. बाईने कात्रजपर्यंत सात वेळा तोंड उघडलं असेल. सातही वेळा कळलं.